डाव्या गालावरचा पहारा : एका पहिल्या भेटीचं प्रकरण

‘तुला बहुतेक माझ्याशी बोलायचं नव्हतं. हरकत नाही.’

भेटीच्या दुसऱ्या दिवशी आलेला हा मेसेज तिने फोन पुढे करून मला वाचायला दिला. मी वाचला आणि विचारलं, “याचा अर्थ तुम्ही काय घेतला?” ती म्हणाली, “सरळ आहे. माझा चेहरा बघून त्याचा हिरमोड झाला. तोंडावर कसं सांगणार, म्हणून दोष माझ्यावर ढकलला.”

मेसेजमध्ये चेहऱ्याबद्दल अवाक्षर नव्हतं. तिला मात्र तो चेहऱ्याबद्दलच वाटत होता. या प्रकरणाची सुरुवात इथून झाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि अशाच अडचणी घेऊन आलेल्या दोघीतिघींच्या अनुभवांची यात सरमिसळ आहे.)

वय एकोणतीस. नोकरी व्यवस्थित, मैत्रिणी भरपूर, कामाच्या मीटिंगमध्ये चारचौघांपुढे बोलायला ती कचरत नाही. विशीच्या आत चेहऱ्यावर मुरुमं आली होती. ती गेली, पण डाव्या गालावर खड्डे आणि काळपट डाग राहिले. ओळखीच्या माणसांत त्यांची आठवणही होत नाही. नव्या माणसाला भेटायचं ठरलं की मात्र चार दिवस आधीपासून गालाशिवाय दुसरं काही सुचत नाही. आता दोन महिने मेसेजवर आणि फोनवर बोलून झाल्यावर आणखी एका मुलाला भेटायचं ठरलं होतं. भेटीला सोळा दिवस होते. “तोवर माझा आत्मविश्वास वाढवा,” असं तिचं म्हणणं.

आत्मविश्वास वाढवण्याचं काम मी कधीच हातात घेत नाही. मी आधीच्या भेटीचा पंचनामा मागितला. बसलात कुठे? तोंड कुणीकडे? हात कुठे होते? पहिल्या दहा मिनिटांत काय काय झालं?

हळूहळू चित्र तयार झालं. ती पंधरा मिनिटं लवकर पोहोचली होती, कारण खुर्ची तिला निवडायची होती. खिडकी डावीकडे नको, कारण उजेड तिरका पडला की खड्ड्यांच्या सावल्या दिसतात. डाव्या बाजूचे केस पुढे ओढलेले. डावं कोपर टेबलावर आणि तळहात गालावर. समोर बसलेल्या माणसाला उजवा गाल दिसावा म्हणून मान किंचित डावीकडे वळवलेली. म्हणजे तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती, तर त्याच्या खांद्याच्या बाजूने मागच्या भिंतीकडे जात होती. मध्येच एकदा उठून ती प्रसाधनगृहातल्या आरशात बघून आली होती.

मी विचारलं, “तो काय काम करतो, त्याबद्दल काय म्हणाला?” तिला सांगता येईना. त्याने कुठल्याशा प्रवासाची गोष्ट सांगितली होती, पण कुठल्या ते आठवेना. “आणि त्याची नजर तुमच्या गालाकडे किती वेळा गेली?”

“चार वेळा.” उत्तर लगेच आलं.

तिचं लक्ष नव्हतं असं नाही. तासभर तिने प्रचंड एकाग्रतेने काम केलं होतं. फक्त ते काम पहाऱ्याचं होतं.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये सामाजिक भयगंडाची जी मांडणी केली, तिचा गाभा नेमका हाच आहे. भीती वाटली की माणूस नजर आत वळवतो आणि समोरच्याच्या डोळ्यांतून आपण कसे दिसत असू याचं एक चित्र मनात तयार करतो. त्या चित्रासाठी लागणारा माल बाहेरून येत नाही. तो येतो आपल्या आतल्या धडधडीतून, तापलेल्या कानांतून आणि जुन्या आठवणींतून. तरीही ते चित्र खरंच समोर दिसत असल्यासारखं वाटतं. त्यातच माणूस बचावाच्या युक्त्या करतो, जसे हिचे केस, हात आणि वळलेली मान. या युक्त्यांमुळे दोन गोष्टी होतात. युक्ती केली म्हणून निभावलं असं वाटत राहतं, त्यामुळे भीती खरी होती की नाही हे कधी तपासलंच जात नाही. आणि युक्ती समोरच्याला दिसते, पण तिचं कारण त्याला माहीत नसतं.

ही दुसरी गोष्ट तिला पटेना. “मी हात कशासाठी ठेवलाय हे कळत नसेल असं कसं?” नुसतं सांगून हे पटत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून दुसऱ्या बैठकीत आम्ही एक प्रयोग केला.

माझ्या एका सहकारी बाईंना मी दहा मिनिटं मागितली. काय तपासतोय हे त्यांना सांगितलं नाही, फक्त एका अनोळखी व्यक्तीशी दोनदा पाच-पाच मिनिटं गप्पा मारायच्या आहेत एवढंच सांगितलं. पहिल्या पाच मिनिटांत तिने नेहमीसारखं वागायचं, म्हणजे केस पुढे, हात गालावर, मान वळलेली आणि गालाकडे पूर्ण लक्ष. दुसऱ्या पाच मिनिटांत केस कानामागे, हात मांडीवर, तोंड समोर. आणि एक काम : या बाईंना सुट्टीच्या दिवशी काय करायला आवडतं, हे मला नंतर सांगता येईल इतकं नीट समजून घ्यायचं. दोन्ही गप्पांनंतर तिने शंभरपैकी आकडे द्यायचे.

पहिल्या गप्पांनंतर धाकधूक 80, डाग किती दिसले असतील तर 60. दुसऱ्या गप्पांनंतर धाकधूक 55, डाग 90. म्हणजे डाग जास्त उघडे पडले असं तिला वाटत होतं, तरी धाकधूक कमी झाली होती. हे बघून ती स्वतःच थबकली. तोवर तिच्या हिशेबात या दोन गोष्टी एकत्रच चढायच्या आणि एकत्रच उतरायच्या.

मग सहकारी बाईंना विचारलं, काय जाणवलं? पहिल्या पाच मिनिटांबद्दल त्या म्हणाल्या, “यांची दाढ दुखतेय का? मला वाटलं, बोलताना त्रास होतोय, उगाच कशाला बोलायला लावताय.” दुसऱ्या गप्पांबद्दल म्हणाल्या की छान बोलल्या, पाच मिनिटं पुरली नाहीत.

ती हसत सुटली. दाढ दुखतेय!

इथे थांबलो असतो तर प्रयोग गोड झाला असता, पण अर्धवट राहिला असता. मी बाईंना थेट विचारलं, “यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं?” त्या जरा अवघडल्या आणि म्हणाल्या, “गालावर मुरुमांचे डाग आहेत, हो. सुरुवातीला दिसले, मग विसरले.” हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. ‘तुझे डाग कुणाला दिसतच नाहीत’ असं सांगून या कामाचा पाया घालू नये. ते दिसतात. ज्याला आरशात दिसतात त्याला हे माहीत असतं, आणि समजूत घालणाऱ्यावरचा त्याचा विश्वास तिथेच संपतो. मैत्रिणी वर्षानुवर्षं तिला ‘काही नाही गं, वेडी आहेस’ म्हणत होत्या. त्याचा उपयोग दोन तासही टिकत नव्हता. खरा प्रश्न असतो तो दिसल्यानंतर समोरच्याच्या मनात पुढे काय होतं, हा. त्याचं उत्तर तिला त्या दिवशी पहिल्यांदा मिळालं : दिसले, मग विसरले.

त्या चार नजरांचा हिशेब मात्र बाकी होता. तिने खरंच मोजल्या होत्या. त्यासाठी मी तिला एक जुना प्रयोग सांगितला. रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा या अमेरिकी संशोधकांचा तो प्रयोग 1980 मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागी व्यक्तीच्या चेहऱ्यावर रंगाने एक मोठा व्रण काढला, तिला तो आरशात दाखवला आणि आता अनोळखी माणसाशी बोलायला जा म्हटलं. जाण्याआधी, व्रण सुकून तडकू नये म्हणून जरा क्रीम लावतो असं सांगून तो व्रण तिच्या नकळत पुसून टाकला. चेहरा कोरा, पण डोक्यात व्रण. अशा व्यक्तींनी नंतर सांगितलं की समोरचा माणूस अवघडला होता आणि व्रणाचा त्याच्यावर ठळक परिणाम झाला होता.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे त्या चार नजरा खोट्या?”

तसं नाही. माणूस बोलताना समोरच्याच्या चेहऱ्यावर नजर फिरवतोच. डोळे, तोंड, कपाळ, पुन्हा डोळे. आपण गालावर पहारा बसवला असेल तर गालाशेजारून गेलेली प्रत्येक नजर नोंदवहीत चढते आणि बाकीच्या शेकडो नजरांची नोंदच होत नाही. शिवाय तिचा हात गालावर होता, आणि हात जिथे असतो तिथे बघणाऱ्याची नजर जातेच. त्या चारपैकी निदान दोन नजरा तिने स्वतः बोलावून आणल्या असाव्यात, असा माझा अंदाज.

आता भेटीला नऊ दिवस राहिले होते. यापुढचं काम म्हणजे लक्ष वळवण्याचा सराव. ‘गालाचा विचार करू नकोस’ ही सूचना इथे कुचकामी असते. एखादा विचार करायचा नाही असं ठरवलं की तो आलाय का हे बघायला मन पुन्हा त्याच्याकडेच जातं. लक्ष कशावरून तरी काढायचं असेल तर ते दुसऱ्या कशावर तरी ठेवावं लागतं, आणि ते दुसरं नेमकं असावं लागतं. नेदरलँड्समधल्या सुझन ब्योगल्स यांनी चारचौघांत चेहरा लाल होण्याची भीती असणाऱ्यांसाठी असा सराव बेतला होता. मी त्याच धर्तीवर जातो.

तिची खुर्ची मी उलटी फिरवली, पाठीला पाठ. मी दोन मिनिटं एक साधी गोष्ट सांगितली : घरातला नळ रात्री फुटला तेव्हा काय काय झालं. तिने ती परत सांगायची आणि मग तिचं लक्ष कुठे किती होतं याचे तीन वाटे करायचे : स्वतःवर किती, गोष्टीवर किती, आजूबाजूच्या आवाजांवर किती. पाठमोरी असताना तिने सांगितलं, स्वतःवर 20, गोष्टीवर 70, बाकी 10. गोष्ट जवळपास पूर्ण परत आली. मग समोरासमोर बसून दुसरी गोष्ट. आता स्वतःवर 60, गोष्टीवर 30. गोष्टीतला शेजारी गाळला गेला आणि वेळही चुकली. तिसऱ्यांदा मी म्हटलं, “आता मुद्दाम गालाचा विचार आणा. आला की गोष्टीकडे परत या. गाल तिथेच राहू द्या.” तेव्हा स्वतःवर 40 झालं, आणि गोष्ट बऱ्यापैकी आली. जाणं-येणं चालू असतानाही ऐकता येतं, एवढंच तिला दाखवायचं होतं.

हे आकडे अंदाजाचेच असतात, त्यांना शास्त्रीय मोजमाप समजू नये. पण गोष्ट किती परत सांगता आली हे पडताळता येतं, आणि लक्ष कुठे होतं याचा तोच खरा पुरावा असतो.

घरी करायला रोज एक संभाषण दिलं. सुरुवात जिथे भीती नाही तिथून : आईचा फोन, ऑफिसातली मैत्रीण. मग लिफ्टमधला अनोळखी माणूस, मग नव्याने रुजू झालेला सहकारी. प्रत्येकानंतर वहीत तीन आकडे आणि समोरच्याबद्दल कळलेली एक नवी गोष्ट. चौथ्या दिवशीची नोंद होती : ‘स्वतःवर 35. त्याला उंचीची भीती वाटते, म्हणून खिडकीजवळची जागा नको म्हणतो.’

पाचव्या दिवशी गाडी अडली. तिचा मेसेज आला की काहीच जमत नाही, आकडे पुन्हा 70 वर गेलेत. बैठकीत खोदल्यावर कळलं की ती संभाषण चालू असतानाच वाटे करत होती. आत्ता माझं लक्ष कुठे आहे? आत्ता मी पूर्ण इथे आहे ना? गालावरचा पहारेकरी उठून लक्षावर जाऊन बसला होता. हे इतक्यांदा घडतं की मी आता त्याची वाटच बघतो. हुशार, मेहनती माणसं यात हमखास सापडतात, कारण ‘भान ठेवणं’ हीसुद्धा त्यांना एक परीक्षाच वाटते.

उपाय साधा होता. आकडे संभाषण संपल्यावरच काढायचे, मधे नाही. आणि संभाषणात एकच प्रश्न जवळ ठेवायचा : हा आत्ता जे म्हणाला त्यातलं मला काय कळलं नाही? समोरचा म्हणाला, “मी लहानपणी खूप घरं बदलली.” आता यात न कळलेलं बरंच आहे. का बदलली? किती? कुठलं सोडताना जड गेलं? या प्रश्नाचं उत्तर समोरच्याकडेच असल्यामुळे लक्ष आपोआप तिकडे जातं. ‘मी हजर आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला मात्र पुन्हा आतच यावं लागतं.

शेवटच्या बैठकीत आम्ही भेटीला निघण्याआधीच्या तासाबद्दल बोललो, कारण बहुतेकांची भेट त्या तासातच बिघडते. तिचा रिवाज असा होता की आरशापासून वीतभर अंतरावर, दोन वेगवेगळ्या दिव्यांखाली, पाऊण तास. नंतर फोनच्या कॅमेऱ्यात गाल मोठा करून बघायचा. इतक्या जवळून कुठलाही गाल भयाण दिसतो, आणि इतक्या जवळ भेटीला आलेला माणूस बसत नाही. म्हणून ठरलं : आरसा एकदाच, हातभर अंतरावरून, पूर्ण चेहरा आणि कपडे बघायचे, तयार झालं की बाजूला व्हायचं. कॅमेरा नाही. निघायच्या आधीच्या अर्ध्या तासात हात आणि डोकं दोन्ही गुंततील असं काहीतरी काम. तिने कपाट आवरायचं ठरवलं.

तिने विचारलं, “मग गालावर कन्सीलर लावायचा की नाही?” मेकअपला माझा विरोध नाही. मी म्हटलं, रोज ऑफिसला जाताना लावता तेवढा लावा. लावल्यावर तो टिकलाय का हे तासाभरात तीनदा बघावंसं वाटणार असेल, तर तेवढा जास्त झाला.

आणि खुर्ची? जी रिकामी असेल ती.

भेटीनंतर चार दिवसांनी ती आली. त्याआधी तिला एक सूचना होती : घरी गेल्यावर रात्री भेटीची चिरफाड करायची नाही. अंथरुणात पडून प्रत्येक नजर पुन्हा तपासायला बसलं की चांगली गेलेली भेटसुद्धा सकाळपर्यंत वाईट होते, कारण रात्री साक्षीला पुन्हा तेच आतलं चित्र येतं. त्याऐवजी त्याच्याबद्दल कळलेल्या तीन गोष्टी लिहून वही मिटायची.

वहीत पाच होत्या. त्याला धाकटी बहीण आहे आणि ती त्याच्यापेक्षा जास्त कमावते याची तो स्वतःच जाहिरात करतो. तो सायकल चालवायला पंचविसाव्या वर्षी शिकला. बोलताना शब्द सापडला नाही की उजव्या हाताची बोटं मोजतो. आणखी दोन तिने मला सांगितल्या नाहीत, म्हणाली त्या माझ्याकडेच असू देत.

खिडकी डावीकडेच आली होती. पहिली दहा-बारा मिनिटं फार वाईट गेली, स्वतःवर 80 तरी असेल. हात दोनदा गालाकडे गेला आणि दोनदा तिने तो खाली आणला. सायकलची गोष्ट निघाली तेव्हा तिला खरंच कळेना की पंचविसाव्या वर्षी का? तिने विचारलं, तो सांगू लागला, आणि मधला काही वेळ गालाचा विचार आला होता की नाही हे तिला आठवत नव्हतं.

मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, “त्याने विचारलं.”

“काय?”

“गालाचं. सरळच. ‘हे लागलं होतं का?’ म्हणून.”

दहा वर्षं जी गोष्ट घडू नये म्हणून खुर्च्या निवडल्या होत्या, ती घडली होती. आम्ही यासाठी एक वाक्य तयार ठेवलं होतं, पण ते तिला ऐनवेळी आठवलं नाही. ती म्हणाली, “नाही, मुरुमं होती. शाळेत असताना खूप आली होती.” तो “अच्छा” म्हणाला. कान तापले, ती खाली बघत राहिली. पाच-सहा सेकंद कुणीच बोललं नाही. मग तिनेच विचारलं, “पण तुला सायकल शिकवली कुणी?”

धाकट्या बहिणीने.

इथे या पद्धतीची मर्यादाही नोंदवायला हवी. हिचे डाग खरे होते, त्रास नव्या माणसांपुरता होता आणि दिवसाचा बराचसा वेळ ती त्यापासून मोकळी असायची. कुणाला इतरांच्या लेखी क्षुल्लक किंवा न दिसणारं व्यंग दिवसातून तास-तासभर छळत असेल, आरशात बघणं किंवा आरसे टाळणं थांबवता येत नसेल, त्यापायी काम किंवा बाहेर पडणं बंद झालं असेल, तर तो शरीर-कुरूपता विकार असू शकतो. तिथे चार बैठकांचा लक्ष-सराव पुरत नाही. मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी, त्या विकारासाठीची विशिष्ट वर्तनोपचार पद्धती आणि गरज पडल्यास औषधं लागतात. जगावंसं वाटत नाही असं बोलणं निघालं तर भेट-बिट बाजूला ठेवून आधी तेच बघायचं. पहिल्या बैठकीत हे सगळं मी हिलाही विचारलं होतं.

ते दोघं आणखी दोनदा भेटले आणि मग थांबले. कारण गाल नव्हतं. त्याला दोन वर्षांसाठी परदेशी जायचं होतं आणि तिला तशी वाट बघत राहायचं नव्हतं. हे सांगताना ती जरा उदास होती. जुना मेसेज अजून फोनमध्ये होता. “बिचाऱ्याला खरंच वाटलं असेल,” ती म्हणाली, “की मला त्याच्याशी बोलायचं नाही.” मग विचारलं, इतक्या महिन्यांनी त्याला उत्तर पाठवलं तर विचित्र दिसेल का?

मी म्हटलं, दिसेल थोडं.

तिने तिथेच बसून टाइप करायला घेतलं.